किडलेले डबे: काय ठेवायचं, काय टाकायचं

प्रश्न: पाच आठवडे कोकणात होतो. ठाण्याला परत येऊन डबे उघडले तर गव्हाच्या पिठात (४ किलो) बारीक तांबडे किडे फिरताहेत, रव्याला जाळी धरली आहे, ५ किलो तांदळात सोंडे आहेत आणि २ किलो मुगाला भोकं पडली आहेत. सासूबाई म्हणतात, चाळून-पाखडून घे, आमच्या वेळी कोणी टाकत नव्हतं. नवरा म्हणतो, सगळं फेक. पहिल्या रात्री दमून आल्यामुळे न बघताच त्या पिठाच्या पोळ्या केल्या आणि सगळ्यांनी खाल्ल्या, दोन वर्षांच्या मुलीनेही. तिला काही होईल का? आणि यातलं काय वाचवता येईल?

उत्तर:

मुलीची काळजी सोडा. पोळीसोबत चार-दोन किडे आणि त्यांची अंडी गेली असतील, तर ती तव्यावर भाजली गेली आणि बाकीच्या पोळीसारखीच पचली. धान्यातली ही कीड माशीसारखी घाणीवर बसून अन्नावर येत नाही, ती जन्मभर त्या पिठातच असते. चावत नाही, पोटात जगत नाही. खाल्ल्यावर तास-दोन तासांत अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, धाप लागणं असं काही झालं नसेल, तर त्या पोळ्यांचा विषय तिथेच संपला.

मी १९ वर्षं धान्याच्या गोदामाच्या प्रयोगशाळेत नमुने तपासले आणि आता आठ वर्षं घरची गिरणी बघते. त्या अनुभवावरून सांगते, तुमच्या घरात दोघंही अर्धे बरोबर आहेत. तांदूळ आणि मुगाबाबत सासूबाईंचं ऐका, रव्याबाबत नवऱ्याचं. पिठाचा निकाल मात्र तुमच्या नाकाने द्यायचा आहे.

मागचा विचार सोपा आहे. दाणा धुता येतो, पीठ धुता येत नाही. किडा स्वतः फारसा वाईट नसतो, तो जाताना मागे काय ठेवून गेला ते वाईट. विष्ठा, टाकलेली कात, अंगातला स्राव, जाळं आणि ओल. आपल्याकडच्या अन्नसुरक्षेच्या नियमांत धान्यातल्या युरिक आम्लाला किलोमागे १०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. हे आम्ल किड्यांच्या विष्ठेतून येतं. ते मोजायचं कारण ते जहाल विष आहे असं नाही. विकणारा किडे चाळून काढू शकतो, विष्ठा काढू शकत नाही. त्यामुळे वरून स्वच्छ दिसणाऱ्या धान्यात किडा किती दिवस नांदला, हे त्या आकड्यावरून पकडता येतं. घरी आपल्याकडे प्रयोगशाळा नसते, पण बघायचं तेच असतं: किडे आज किती दिसतात यापेक्षा ते किती दिवस राहिले.

आता पीठ. तुम्ही म्हणता ते बारीक तांबडे किडे म्हणजे तांबडा भुंगेरा. तीन-चार मिलिमीटर लांब, चपटा, चपळ, आणि सोंड नसलेला. सोंड असेल तर तो सोंडा, आणि तो पिठात वाढत नाही. त्याच्या अळीला राहायला अख्खा दाणाच लागतो. म्हणून पिठात सोंडे दिसले तर समजा शेजारच्या तांदळातून किंवा गव्हातून फिरत आलेत. तांबड्या भुंगेऱ्याचं उलट आहे. अख्खा, धड दाणा त्याला नीट फोडता येत नाही. पीठ, रवा, कोंडा, कणी, तुटकी डाळ हेच त्याचं घर. मादी पिठातच अंडी घालते. अंडी चिकट असतात, त्यांना पिठाचे कण लगडतात आणि ती डोळ्यांना दिसत नाहीत. तीस अंशांच्या आसपासच्या हवेत अंड्यातून अळी, कोष आणि पुन्हा किडा व्हायला साधारण एक महिना लागतो. तुम्ही पाच आठवडे नव्हता, म्हणजे एक पूर्ण पिढी तुमच्या मागे डब्यात वाढली.

म्हणूनच नुसतं चाळून काम भागत नाही. चाळणीत मोठे किडे आणि मोठ्या अळ्या राहतात. अंडी आणि नुकत्या निघालेल्या अळ्या पिठासोबत खाली जातात आणि महिन्याभराने तोच डबा पुन्हा भरतो. बायका मला येऊन सांगतात, "ताई, चाळून ठेवलं होतं हो, परत कसे आले?" ते परत आले नाहीत, ते गेलेच नव्हते.

या भुंगेऱ्याची खरी खोड वेगळी आहे. गर्दी झाली किंवा डिवचला गेला की तो अंगातून एक उग्र स्राव सोडतो. त्यात क्विनोन जातीची रसायनं असतात. पीठ आधी मळकट आणि मग किंचित गुलाबी-करडं दिसायला लागतं, आणि त्याला औषधाच्या दुकानासारखा तिखट, खवट वास येतो. हा वास भाजून पूर्ण जात नाही. अशा पिठाची कणीकही बिघडते. ताण धरत नाही, पोळी लाटताना कडेला चिरते. असं पीठ खाण्याजोगं नाही, किडे दहाच दिसले तरी. उलट रंग-वास ठीक असलेल्या पिठात वीस किडे दिसले तरी ते वाचवता येतं.

वास कसा घ्यायचा ते नीट सांगते, कारण कोरड्या पिठाला नाक लावून काही कळत नाही आणि धूळ मात्र नाकात जाते. एका वाटीत दोन चमचे पीठ घ्या, त्यावर अर्धी वाटी कढत पाणी ओता, ढवळा आणि दोन मिनिटं झाकून ठेवा. झाकण काढल्याबरोबर पहिला वाफारा हुंगा. चांगल्या पिठाला उकडीसारखा गोडसर वास येतो. औषधी, उग्र किंवा कुबट वास आला तर ते पीठ गेलं. शेजारी ताज्या पिठाची दुसरी वाटी ठेवलीत तर फरक लगेच कळतो. डब्याच्या वरच्या थराचा, मधला आणि तळाचा असे तीन नमुने वेगवेगळे तपासा. बहुतेक वेळा सगळा डबा सारखा खराब नसतो.

गेल्या श्रावणात एक ओळखीच्या बाई माझ्याकडे ९ किलो पिठाचा डबा घेऊन आल्या होत्या, त्याचं उदाहरण देते. डबा दीड महिना उघडलेला नव्हता. आम्ही पीठ उलटं न ओतता वरून थराथराने काढलं. वरच्या तीन-चार बोटांत, साधारण दोन किलोत, किडे वळवळत होते, कात पडलेली होती, रंग मळकट होता. गरम पाण्याच्या वाटीला स्पष्ट औषधी वास आला. ते दोन किलो बाजूला केलं. मधल्या भागात किलोमागे चार-पाच किडे मिळाले, वास ठीक होता. तळाला पुन्हा थोडे जास्त किडे आणि डब्याच्या कडेला चिकटून एक घट्ट, किंचित ओलसर खपली. डबा पूर्ण वाळायच्या आधी त्यात पीठ भरलं होतं, त्याची ती खूण. ती खपली आणि तिच्याभोवतीचं किलोभर पीठही काढलं. राहिलं सहा किलो. ते मैद्याच्या बारीक चाळणीतून चाळलं. त्यातलं तीन किलो त्यांनी आठवड्याभरात पोळ्यांना वापरलं आणि तीन किलो दीड-दीड किलोच्या चपट्या पिशव्या करून फ्रीझरमध्ये घातलं. म्हणजे नवातले सहा वाचले. बाईंचा पहिला विचार सगळंच टाकायचा होता.

तुमच्या ४ किलोंचंही हेच करा. वास ठीक निघाला तर चाळलेलं पीठ एकतर सहा-सात दिवसांत संपवा, नाहीतर फ्रीझरमध्ये घाला. फ्रीझर म्हणजे बर्फाचा कप्पा, उणे अठरा अंशांचा, खालचे कप्पे नव्हेत. खालच्या कप्प्यात चार-पाच अंश असतात. तिथे कीड सुस्त होते, पण लवकर मरत नाही. पिशवी चपटी हवी, कारण पिठातून थंडी फार सावकाश आत जाते. जाड गोळा ठेवलात तर मधलं पीठ दोन दिवसांनीही पुरेसं गार होत नाही. नीट गार झाल्यावर चार दिवस पुरतात, पण घरचा फ्रीझर दिवसातून दहा वेळा उघडतो, म्हणून मी पूर्ण आठवडा सांगते. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. बंदच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. उघडली तर हवेतली वाफ गार पिठावर बसते, पीठ ओलं होतं आणि किड्यापायी वाचवलेलं पीठ बुरशीने जातं. ही चूक फार जण करतात.

मुलीच्या पोळीला मात्र थोडे दिवस ताजं दळलेलं पीठ वापरा. वाचवलेलं पीठ विषारी आहे म्हणून नव्हे. लहान मुलाच्या बाबतीत खुसपट काढायला जागाच ठेवू नये, आणि किलोभर पीठ दळून आणणं काही जड नाही.

रवा टाका. ही जाळी तांदळावरच्या पाकोळीची असणार, तीच आपल्या घरात सगळ्यात जास्त दिसते. करडी-तपकिरी, जेमतेम सेंटिमीटरभर लांब, संध्याकाळी ट्यूबलाइटपाशी भिरभिरणारी. पाकोळी स्वतः काही खात नाही, खाते ती अळी. पांढुरकी, दीड सेंटिमीटरपर्यंत वाढणारी ही अळी चालता चालता तोंडातून रेशीम सोडते आणि रव्याचे कण त्यात गुंतवून आपल्याभोवती बोगदा करते. त्या जाळ्यात तिची विष्ठा, कात, मेलेल्या पाकोळ्यांच्या पंखांचे खवले सगळं अडकतं. चाळलं तर गुठळ्या वर राहतात, पण बारीक विष्ठा रव्याच्याच आकाराची असते, ती रव्यासोबत खाली येते. शिवाय जाळं ओल धरून ठेवतं. भुंगेऱ्याचं पीठ मी तपासून ठेवते, जाळी धरलेला रवा, बेसन, भगर, नाचणीचं पीठ मी तपासत बसत नाही. अर्धा किलो रव्याची किंमत ती काय.

कृषी खात्याच्या आणि विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत हीच पाकोळी मुद्दाम वाढवतात. ऊस-कापसावरच्या किडींची अंडी मारणारे बारीक मित्रकीटक शेतात सोडायला ट्रायकोकार्ड लावतात, त्यावर जी अंडी चिकटवलेली असतात, ती हिचीच. भरडलेल्या धान्याच्या पेट्यांत ती लाखांनी वाढते. तिथे काम करणाऱ्यांना तोंडाला पट्टी बांधावी लागते, कारण पंखांचे खवले श्वासात जाऊन खोकला, शिंका, दमा होतो. तुमच्या स्वयंपाकघरातही लक्षात ठेवायची गोष्ट हीच. किडलेल्या धान्याचा त्रास खाण्यापेक्षा हुंगण्यातून जास्त होतो. चाळणं, पाखडणं गॅलरीत करा, नाकाला रुमाल बांधा आणि मुलगी किंवा घरात दमेकरी कोणी असेल तर त्यांना आत ठेवा.

तांदूळ वाचतो, आणि बराच सहज. सोंडा दाण्याला बारीक खळगी पाडून आत अंडं घालतो आणि वरून बूच लावतो. अळी आतच खाते, आतच कोष करते आणि साधारण पाच आठवड्यांनी सोंडा होऊन भोक पाडून बाहेर येतो. म्हणजे घाण बहुतांश दाण्याच्या पोकळीत असते. तांदूळ सावलीत चादरीवर पातळ पसरा. सोंड्यांना उजेड आणि हालचाल आवडत नाही, अर्ध्या-पाऊण तासात बरेच कडेकडेने चालते होतात. मग सुपाने पाखडा. पीठ, टरफलं आणि हलके पोकळ दाणे उडतात. उरलेल्या तांदळात काही दाण्यांत अळ्या अजून आहेत, ते दिसणार नाही. म्हणून किलो-किलोच्या पिशव्या करून आळीपाळीने आठवडाभर फ्रीझरमध्ये घाला, किंवा हाच तांदूळ आधी संपवा आणि नवा तोपर्यंत आणू नका. शिजवताना भरपूर पाण्यात टाका, ढवळा, वर तरंगेल ते ओतून द्या, असं तीनदा. पोखरलेला दाणा हलका असतो, तो वरच येतो. भात थोडा कमी चवीचा लागेल, मोकळा होणार नाही कदाचित. खिचडीला चालेल.

जून-जुलैत उन्हाचा उपाय मी सांगत नाही, कारण ठाण्यात ऊनच नसतं. एप्रिल-मेमध्ये करायचं असेल तर नीट करा. उघड्या गच्चीवर तांदूळ-डाळी पसरल्या की भुंगेरे उठून सावलीला जातात आणि संध्याकाळी डब्यात परत येतात. काळ्या प्लॅस्टिकवर दोन बोटं जाड थर द्यायचा, वरून पारदर्शक प्लॅस्टिक टाकायचं, चारी बाजूंनी विटा ठेवून हवा बंद करायची आणि सकाळी दहा ते चार ठेवायचं. आत साठ अंशांच्या वर तापतं, दाणा हाताला चटका देतो, तेव्हा आतली अळीसुद्धा मरते. संध्याकाळी पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरायचं. गरम भरलं तर झाकणाला घाम येतो.

मुगाची गोष्ट थोडी वेगळी आहे. भोकं पाडणारा हा कडधान्यातला भुंगेरा, आखूड, गोलसर आणि तपकिरी. मादी दाण्याच्या सालीवर बाहेरून अंडं चिकटवते. मुगाच्या हिरव्या सालीवर खसखशीहून बारीक पांढरे ठिपके दिसतात ते हेच, बुरशी नव्हे. अळी तिथून सरळ आत जाते. भुंगेरा बाहेर येऊन काही खात नाही, दहा-पंधरा दिवस जगतो, अंडी घालतो आणि मरतो. याची सुरुवात अनेकदा शेतातच, शेंगेवर होते, म्हणून घट्ट बंद पाकिटातही तो निघतो. अशा वेळी दुकानदाराला दोष देताना जरा हात राखून.

मुगाचे शंभर दाणे मोजून ताटात घ्या आणि भोकाचे किती ते बघा. सात-आठ निघाले तर बिनधास्त वापरा. वीसच्या पुढे गेले तर निवडत बसण्याचे कष्ट आणि कडवट चव पाहता मी तो मूग घरात ठेवत नाही, कोंबड्या पाळणाऱ्याला देते. हा माझा घरगुती अंदाज आहे, नियम नव्हे. वापरायचा तो मूग पाण्यात घाला, तरंगणारे काढा, चोळून दोन-तीन पाण्यांनी धुवा. सालीवरची अंडी चोळल्यावर बरीचशी निघतात. पण या मुगाला मोड आणू नका. पोखरलेले दाणे फडक्यात आधी कुजतात, बुळबुळीत होतात आणि चांगल्या दाण्यांनाही आंबूस वास लावतात. थेट शिजवून उसळ करा, किंवा भाजून भरडा आणि खिचडीला, डोशाला वापरा.

राहिलेल्या मुगाला आठवडाभर फ्रीझर दाखवून मग खायच्या तेलाचा हात लावा. किलोला एक लहान चमचा, पाच मिलिलिटर. शेंगदाण्याचं तेल चालतं. दाण्यादाण्याला पातळ लेप बसला पाहिजे. मादीला त्यावर अंडं नीट चिकटवता येत नाही आणि घातलेलं अंडं तेलाखाली गुदमरतं. आजी तूरडाळीला एरंडेल चोळायची त्यामागचं कारण हेच. पण दाण्याच्या आत आधीच शिरलेल्या अळीला तेल काही करत नाही, म्हणून आधी फ्रीझर.

आता ज्याची खरंच भीती बाळगावी, त्याकडे येते. ती म्हणजे बुरशी. किडे श्वास घेतात, त्यातून उष्णता आणि ओल सुटते, धान्य त्या जागी गरम होतं, आणि तिथे बुरशी धरते. काही बुरशी अफ्लाटॉक्सिनसारखी विषं तयार करतात. ती शिजवून, भाजून, धुऊन जात नाहीत. महाशिवरात्रीला किंवा नवरात्रात भगरीच्या पिठाच्या भाकरी खाऊन माणसं उलट्या-चक्कर येऊन दवाखान्यात गेल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. अन्न व औषध प्रशासन अशा सणांच्या आधी सांगतं की भगरीचं सुटं पीठ घेऊ नका, जुनी, ओल लागलेली भगर वापरू नका. तिथे संशय बुरशीवर असतो, किड्यांवर नव्हे. म्हणून गुठळी फोडल्यावर हिरवट, काळी, केशरी छटा दिसली, पावसात भिजलेल्या गोणपाटासारखा कुबट वास आला, डाळ हाताला दमट लागली, तर चाळू नका, चाखू नका, त्या डब्यातलं सगळं टाका. दिसणारा भाग काढून उरलेलं ठेवण्याचा शहाणपणा इथे नको. आणि असलं धान्य गाईलाही घालू नका. ते विष दुधात उतरतं. नुसतं किडलेलं, पण कोरडं आणि बुरशीशिवायचं पीठ कोंबड्यांना घालायला हरकत नाही.

दुसरी शक्यता क्वचितची, पण सांगायला हवी. पिठात कधी इतके बारीक जीव होतात की एकेक दिसतच नाही, पिठाची धूळच हलतेय असं वाटतं. ते किडे नव्हेत, पिठातले कोळीकीटक. पावसाळ्यात दमट पिठात होतात. बशीत पीठ घेऊन चमच्याच्या पाठीने सपाट करा आणि वीस मिनिटांनी बघा. पृष्ठभाग खडबडीत झाला असेल तर ते आहेत. ज्यांना घरातल्या धुळीची ॲलर्जी किंवा दमा आहे, त्यांना असं पीठ खाऊन जोराची ॲलर्जी येऊ शकते, आणि शिजवल्याने तो धोका टळतोच असं नाही. हे पीठ टाकायचं, वाचवायचं नाही. सुरुवातीला मी तुम्हाला धाप आणि गांधींबद्दल विचारलं ते याचसाठी.

आता डबे रिकामे झाले की उगम शोधा. माझ्या अनुभवात दहापैकी सात-आठ घरांत तो पिठाच्या डब्यात नसतो. मागच्या एकादशीची उरलेली भगर, आणलेलं पण न वापरलेलं नाचणी सत्त्व, पापडखाराशेजारची उडदाच्या पिठाची पुडी, पक्ष्यांसाठी ठेवलेली ज्वारी, कुठल्यातरी लग्नात मिळालेला सुका मेवा. त्या श्रावणातल्या बाईंच्या घरी ती अर्धा किलो भगर निघाली, आदल्या वर्षीची, रबर लावलेल्या पिशवीत. पातळ प्लॅस्टिकची पिशवी अळी कुरतडते, आणि स्टीलच्या डब्याचं झाकण कितीही घट्ट वाटलं तरी नुकती निघालेली अळी त्याच्या फटीतून जाते. रबरी कडेची बरणी तेवढी खरी बंद.

उगम कधीकधी आम्हा गिरणीवाल्यांकडेही असतो, ते लपवत नाही. जात्याच्या पाळूत, पीठ पडणाऱ्या कापडी नळ्यात जुनं पीठ अडकतं, त्यात भुंगेरे वाढतात आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या पिठात उतरतात. तुमच्या गिरणीत नळा कधी झटकतात ते एकदा विचारा. उत्तर देताना गिरणीवाला इकडेतिकडे बघायला लागला तर समजून जा.

कपाट झाडताना पाण्याचा मारा करू नका, ओल राहते. कोरड्या ब्रशने आणि बारीक तोंडाच्या व्हॅक्यूमने फळ्यांच्या सांध्यात, खिळ्यांच्या भोकांत, बिजागऱ्यांमागे, कागदाखाली, झाकणाच्या आट्यांत साफ करा. पाकोळीची अळी कोष करायला डबा सोडून नेमक्या अशाच जागी जाते, छताच्या कडेलासुद्धा. मग घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा, पंखा लावून वाळवा. कडुनिंबाचा पाला, लवंग, तमालपत्र ठेवायचं असेल तर ठेवा, नव्या पाकोळ्या थोड्या टळतात. आत बसलेली कीड त्याने मरत नाही. पाऱ्याच्या गोळ्या घरात आणू नका. बोरिक पावडर कडधान्याला लावून मग धुण्याची पद्धत आपल्याकडे आहे, मला ती पटत नाही, आणि पिठात तर ती कधीच नको, कारण पीठ धुणार कसं?

आणि धान्यात टाकायच्या त्या गॅसच्या गोळ्या, ज्या काही दुकानदार कागदात गुंडाळून हळूच देतात, त्या अजिबात नाही. त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतल्या ओलीने त्यांतून फॉस्फीन वायू निघतो, आणि बंद खोलीत झोपलेल्या माणसांचे त्याने जीव गेले आहेत. गोदामात आम्ही त्या वापरायचो तेव्हा ताडपत्रीने थप्पी हवाबंद करायची, फलक लावायचा, कित्येक दिवस कोणाला आत जाऊ द्यायचं नाही आणि उघडल्यावर वायू मोजायचा. ते काम प्रशिक्षित माणसाचं आहे, दोन खोल्यांच्या घरातलं नाही.

शेवटी एक छोटं काम. फ्रीझरमधून काढलेल्या तांदळाची आणि मुगाची एकेक मूठ दोन काचेच्या बरण्यांत घाला, तोंडाला पातळ फडकं बांधा, तारीख लिहा आणि ओट्याच्या कोपऱ्यात ठेवा. सहा आठवडे बघा. काहीच हललं नाही तर तुमचं गोठवणं आतपर्यंत पोचलं. एखादा सोंडा निघाला तर पिशव्या जाड झाल्या होत्या, तो माल पुन्हा एक आठवडा फ्रीझरमध्ये जाऊ द्या.